आवक, जावक आणि शिल्लक : हवेतल्या कर्बाचा हिशेब

(जिल्हा मेळाव्यात पडद्यावर चित्रे दाखवून केलेल्या भाषणाचा मजकूर)



पडद्यावर जी चित्रे लावली आहेत, ती आम्ही काढलेली नाहीत. कॉलेजात पर्यावरण नावाचा जो विषय असतो, त्यात पोरांना हीच दाखवतात. पोरे ती वहीत उतरवून घेतात, परीक्षेत काढतात, पास होतात आणि विसरतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. चित्रात चारपाच खाने असतात, त्यांत मोठमोठे आकडे असतात आणि खान्यांमधून वेडेवाकडे बाण गेलेले असतात. ते वाचायचे कसे हे कोणी सांगत नाही.

आता हे चित्र गावात येऊन पोचले आहे. खेड, मावळ, मुळशीच्या गावांतून माणसे फिरतात आणि सांगतात, ‘तुमच्या मातीत कर्ब साठवा, आम्ही त्याचे क्रेडिट करून विकू, तुम्हाला पैसे मिळतील.’ भारत सरकारने २०२३ साली कार्बन क्रेडिटच्या बाजाराची योजना अधिसूचित केली आहे, त्यामुळे ही माणसे वाढत जाणार. त्यांच्या कागदावर सही करायची की नाही, हे ठरवायला चित्र वाचता आले पाहिजे. म्हणून आज आम्ही भाषण करणार नाही, हिशेब करणार आहोत.

खाना म्हणजे चाळ, बाण म्हणजे आवक-जावक

चाकण हे कांद्याचे गाव. १९८० साली कांद्याच्या भावासाठी पुणे-नाशिक रस्ता अडवला गेला तो इथेच. तेव्हा साठा आणि आवक यांतला फरक चाकणच्या माणसाला शिकवायला नको. चाळीत शंभर क्विंटल गरवा कांदा भरला आहे, हा झाला साठा. तो क्विंटलमध्ये मोजायचा. रोज दोन क्विंटल बाजारात जातो, ही झाली जावक. ती रोजच्या क्विंटलमध्ये मोजायची. ‘चाळीत शंभर आहेत आणि रोज दोन जातात, म्हणून दोन फार थोडे’ असे कोणी म्हणाले तर तुम्ही विचाराल, आवक किती? आवक दोन असेल तर चाळ तशीच राहील. आवक तीन असेल तर चाळ भरत जाईल. आवक बंद असेल तर पन्नास दिवसांत चाळ रिकामी होईल.

पहिल्या चित्राला एवढेच लावायचे. खाना हा साठा आहे आणि बाण ही आवक किंवा जावक आहे. खान्यातला आकडा टनांचा असतो आणि बाणावरचा आकडा वर्षाला किती टन याचा असतो. खान्याची बाणाशी तुलना करायची नाही. ज्या खान्यात येणारे आणि जाणारे बाण सारखे नाहीत, तो खाना भरतो किंवा आटतो.

आता आकडे घालू. हे सगळे आकडे कर्बाचे, म्हणजे कार्बनचे आहेत आणि एक अब्ज म्हणजे शंभर कोटी. हवेच्या खान्यात आज सुमारे ९०० अब्ज टन कर्ब आहे. झाडाझुडपांत साधारण ४५० अब्ज टन आहे. मातीत त्याहून कितीतरी जास्त, म्हणजे सुमारे १,७०० अब्ज टन आहे. समुद्रात सगळ्यांत मोठा साठा आहे, ३८,००० अब्ज टनांच्या आसपास. याखेरीज जमिनीच्या पोटात कोळसा, खनिज तेल आणि वायू यांचा साठा आहे. तो कोट्यवधी वर्षे बंद असलेल्या कुलपाआड होता.

मोठा बाण आणि धोक्याचा बाण

दुसऱ्या चित्रात बाण जाड-बारीक काढले आहेत. सर्वांत जाड बाण हिरव्या पानांचा आहे. ऊस, भात, गवत, जंगल, सगळे मिळून वर्षाला सुमारे १३० अब्ज टन कर्ब हवेतून ओढून घेतात. तेवढाच जवळजवळ परत जातो. पिके श्वास सोडतात, पाला कुजतो, जनावर खाते, माणूस खातो, चूल पेटते. समुद्र आणि हवा यांच्यातही वर्षाला सुमारे ८० अब्ज टनांची देवाणघेवाण होते.

खाणीतून आणि विहिरीतून निघालेल्या कोळसा-तेलाचा बाण मात्र बारीक आहे. सिमेंट धरून तो वर्षाला सुमारे १० अब्ज टनांचा आहे. जंगलतोडीने आणखी साधारण एक अब्ज टन पडते. इथे शहाणी माणसे चकतात. ते म्हणतात, ‘निसर्गच २१० अब्ज टन खालीवर करतो, माणसाचे ११ म्हणजे पाच टक्के, त्याचे काय एवढे?’ चाळीच्या हिशेबाने बघा. जाड बाण हा जाऊन परत येणारा आहे. सकाळी दोनशे पोती आत नेली आणि संध्याकाळी दोनशे बाहेर काढली तर चाळीत एक पोतेही वाढत नाही. वरून रोज अकरा पोती नव्याने आणून टाकली तर चाळ फुगणारच.

या अकरांतले सगळे हवेत राहत नाहीत. अदमासे निम्मे समुद्र आणि झाडे-माती ओढून घेतात. वर्षाला पाच अब्ज टन हवेत शिल्लक पडतात. गिरण्या आणि कोळशाची इंजिने येण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे २८० भाग होते. हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी नियमित मोजणी सुरू केली तेव्हा ते सुमारे ३१५ होते. २०२४ साली ते ४२० च्या वर गेले. ही सगळी शिल्लक आहे.

ही शिल्लक जमिनीखालच्या कुलपातलीच आहे हे कशावरून? ताज्या पाल्यापाचोळ्यात, म्हणजे अलीकडेच हवेतून घेतलेल्या कर्बात, कार्बन-१४ नावाचा किरणोत्सारी भाग अत्यल्प प्रमाणात असतो. काही हजार वर्षांत तो निम्मा-निम्मा होत संपत जातो. कोळशात आणि डिझेलमध्ये तो उरलेलाच नसतो, इतके ते जुने. कुजणाऱ्या पाल्याने हवेतला कर्ब वाढला असता तर हे प्रमाण खाली आले नसते. अणुचाचण्यांच्या आधीच, कोळसा जळत गेला तसे ते घटू लागले होते. चोरीच्या धान्यावर खुणेचा रंग असावा तसा हा पुरावा आहे.

आणखी एक फसवा हिशेब आहे. ९०० ला २१० ने भागले तर चार-साडेचार येतात. म्हणजे हवेतला एखादा कण सरासरी एवढ्या वर्षांत पानात किंवा समुद्रात जातो. त्यावरून कोणी म्हणते, ‘मग चारपाच वर्षांत सगळे साफ होईल.’ तो कण जातो, पण त्याच्या जागी दुसरा येतो. शंभराची नोट दिली आणि सुटे घेतले तर खिशातली रक्कम कमी होत नाही. वाढलेली शिल्लक उतरायला समुद्राच्या खोल थरापर्यंत कर्ब पोचावा लागतो. ते शेकडो वर्षांचे काम आहे आणि काही हिस्सा हजारो वर्षे हवेतच राहतो.

चाकण बंद पडले तेव्हा

हे आपल्या डोळ्यांसमोर घडून गेले आहे. २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी आली. भोसरीच्या ओतशाळा थंड झाल्या, चाकणच्या मोटारींच्या कारखान्यांचे दरवाजे बंद झाले आणि तळेगाव-चाकण रस्त्यावर ट्रकांची रांग दिसेना. थोड्याच दिवसांत आकाश स्वच्छ झाले. लोक म्हणाले, कारखाने बंद केले की हवा लगेच सुधारते.

धुळीपुरते ते खरे होते. धूर आणि धूळ यांचा हवेतला साठा लहान असतो. तो आठवडा-दोन आठवड्यांत खाली बसतो किंवा पावसाने धुऊन जातो, त्यामुळे आवक थांबली की साठा लगेच आटतो. कार्बन डायऑक्साइडचे तसे नाही. त्या वर्षी जगात कोळसा-तेलाची आवक सुमारे पाच टक्क्यांनी घटली, तरी मौना लोआवरचा आकडा सुमारे ४१२ वरून ४१४ वर चढला. नळ थोडा बारीक केला होता, बंद केला नव्हता. हौद भरतच राहिला. ‘आमच्या कारखान्याने धूर दहा टक्क्यांनी कमी केला’ अशी पाटी कोठे दिसली तर एवढे लक्षात ठेवा. आवक कमी होणे आणि शिल्लक कमी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तळेगावचे पॉलिहाउस आणि आभाळाची गोधडी

आता तिसरे चित्र. यात हिशेब कर्बाचा नाही, उष्णतेचा आहे. साठा-आवक-जावक मात्र तेच.

सूर्याकडून येणाऱ्या उन्हापैकी काही परत फेकले जाते. उरलेले पृथ्वी शोषते. वर्षभराची आणि सगळ्या पृथ्वीची सरासरी काढली तर ही आवक दर चौरस मीटरला सुमारे २४० वॅट पडते. जावक एकाच वाटेने होते. तापलेली जमीन आणि हवा न दिसणाऱ्या उष्ण किरणांनी ती आकाशात सोडून देते. आवक-जावक जुळली की तापमान स्थिर राहते.

कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि मिथेन हे वायू उन्हाला वाट देतात, पण खालून वर जाणारे उष्ण किरण धरतात आणि त्यांतले काही पुन्हा खाली पाठवतात. ही गोष्ट तुम्ही रात्री अनुभवली आहे. हिवाळ्यात आभाळ भरलेले असले की रात्र उबदार जाते. आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असली की पहाटे थंडीने बोटे आखडतात. निफाडकडे द्राक्षवाले अशाच रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. ढग स्वतः उष्णता तयार करत नाहीत. ते गोधडीसारखे जाणारी उष्णता अडवतात. हे वायू मुळीच नसते तर पृथ्वीचे सरासरी तापमान शून्याखाली १८ अंशांच्या आसपास असते. ते १५ अंशांच्या आसपास आहे ते या गोधडीमुळे. भीती गोधडीची नाही, एकावर एक वाकळ चढत जाण्याची आहे.

‘हरितगृह परिणाम’ या नावाने मात्र थोडा घोटाळा होतो. तळेगावच्या फुलोत्पादन उद्यानात गुलाबाची पॉलिहाउसे आहेत. तिथे आत उबदार असते ते मुख्यतः तापलेली हवा कागदाने कोंडून धरल्यामुळे. बाजूचे पडदे वर केले, वारा खेळला की आत गारवा येतो. आभाळाला असा पडदा नाही. तिथे किरणांचा मामला आहे, वाऱ्याचा नाही. नाव राहिले आहे, तत्त्व निराळे आहे.

कोणी विचारेल, वाफ तर कर्बवायूपेक्षा जास्त उष्णता धरते, मग कर्बाच्याच मागे का? वाफेचा साठा आठ-दहा दिवसांत पाऊस होऊन खाली येतो. हवा जेवढी गरम तेवढीच वाफ तिच्यात मावते. म्हणून वाफ मागून येते आणि वाढ आणखी वाढवते. पुढे चालतो तो कर्ब, कारण तो पाऊस होऊन पडत नाही. सध्या आवक जावकीपेक्षा चौरस मीटरला साधारण एक वॅटने जास्त आहे. आकडा चिमूटभर वाटतो, पण तो रात्रंदिवस आणि सगळ्या पृथ्वीवर आहे. त्यातली नव्वद टक्के उष्णता समुद्रात साठते.

एका एकराचा हिशेब

आता आपल्या वावरात येऊ. माती परीक्षणाच्या पत्रिकेवर ‘सेंद्रिय कर्ब’ असा रकाना असतो. समजा तिथे ०.५ टक्के लिहिले आहे. एका एकरातल्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन साधारण आठशे टन भरते. त्याचा अर्धा टक्का म्हणजे चार टन कर्ब. हा तुमचा साठा.

पुढचे आकडे आम्ही हिशेबासाठी गोल धरले आहेत. जमीन, पाणी आणि पीक यांप्रमाणे ते बदलतील. आपल्या उष्ण हवेत मातीतल्या कर्बापैकी तीन टक्के वर्षाला जिवाणू खाऊन हवेत सोडतात असे धरू. जावक झाली १२० किलो. मुळे आणि धसकटे यांतून ६०० किलो कर्ब मातीत येतो, पण त्यातला बहुतेक वर्षभरात कुजून उडतो आणि पाचवा हिस्सा टिकतो. आवक झाली १२० किलो. आवक-जावक जुळली, म्हणून पत्रिकेवर दर वर्षी ०.५ च येतो.

आता तुम्ही दर वर्षी एकरी पाच टन शेणखत घालायला लागला. त्यात निम्मे पाणी. उरलेल्या अडीच टनांत पाव हिस्सा कर्ब, म्हणजे सहाशे किलोच्या आसपास. त्यातला पाचवा भाग टिकला तर आणखी १२० किलो. पहिल्या वर्षी साठा १२० किलोने वाढतो. पण साठा वाढला की त्याचे तीन टक्केही वाढतात. चाळ मोठी तशी सडही मोठी. म्हणून दुसऱ्या वर्षी वाढ थोडी कमी, तिसऱ्या वर्षी आणखी कमी. ०.५ चे ०.६ व्हायला, म्हणजे आठशे किलो कर्ब वाढायला, सातआठ वर्षे लागतात. खत बंद केले की साठा पुन्हा जुन्या पातळीकडे उतरू लागतो.

हे आठशे किलो क्रेडिटमध्ये किती होतात? एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. कर्बाचा कार्बन डायऑक्साइड करताना ३.६७ ने गुणायचे. आठशे किलोचे सुमारे तीन टन, म्हणजे तीन क्रेडिट. सातआठ वर्षांत एकरी तीन. वर्षाला अर्धेसुद्धा नाही. दर वर्षीच्या पाच टन शेणखताला काय पडते, ते तुम्ही आम्हाला सांगा. शिवाय ते खत शेजारच्या वावरातून आणले असेल तर तुमचा साठा वाढला आणि त्याचा घटला. हवेच्या खान्याला काही कळले नाही.

दुसऱ्या बाजूला डिझेल ठेवा. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तीन टन म्हणजे अकराशे लिटर. चाकणहून न्हावा-शेवा बंदर साधारण सव्वाशे किलोमीटर आहे. जाऊन-येऊन अडीचशे. लिटरला चार किलोमीटर देणारा कंटेनरचा ट्रेलर एका खेपेला साठ-बासष्ट लिटर पितो. सतरा-अठरा खेपांत तुमची सातआठ वर्षांची एका एकराची कमाई संपते. वर ते डिझेल कुलपातून बाहेर आलेले असते, कायमचे. तुमचा कर्ब मातीत ठेवलेला असतो, जपला तर.

उसाचे पाचट पेटवणाऱ्यालाही याच हिशेबाने बोलले पाहिजे. पाचटातला कर्ब गेल्या वर्षीच हवेतून आलेला होता. तो परत गेला, फेरा पूर्ण झाला. त्या जाळण्यात कर्बापुरते आभाळाचे देणे फारसे वाढत नाही. तोटा होतो तो मातीच्या आवकीचा आणि नत्राचा, आणि धुराने छातीचा. भातखाचर आणि जनावरे यांचा मिथेन मात्र निराळा धरावा लागतो. तो कर्बवायूपेक्षा कितीतरी जोराने उष्णता धरतो, पण त्याचा साठा साधारण बारा वर्षांत झिजतो. गावातली जनावरे आणि त्यांचा चारा तेवढाच राहिला तर त्यांचा मिथेन एका पातळीवर थांबतो, साठत जात नाही. कोळशाचा धूर तेवढाच राहिला तरी साठत जातो.

सहीपूर्वी विचारायचे

म्हणून कागद पुढे आला की चार गोष्टी विचारा.

मोजणी कर्बाची आहे की कार्बन डायऑक्साइडची? आकडा ३.६७ पट फुगतो तो इथेच.

नमुना किती खोलीवरून आणि किती जागांवरून घेणार? उकिरड्याजवळ, बांधालगत किंवा झाडाखाली घेतलेली माती फसवते. एकाच वावरातल्या दोन नमुन्यांत ०.१ टक्क्याचा फरक सहज पडतो. तुम्ही विकणार आहात तो फरकही तेवढाच आहे. चुनखडीच्या जमिनीत सगळा कर्ब एकत्र मोजला तर चुन्यातला कर्बही त्यात धरला जातो. मोजणी सेंद्रिय कर्बाची आहे का, हे लिहून घ्या.

किती वर्षांचे बंधन आहे? आपल्या पट्ट्यात जमीन कधी एमआयडीसीत जाईल, कधी रस्त्यात, कधी प्लॉटिंगमध्ये, कोणी सांगावे. वरची माती खरवडून नेली की साठा गेला. तो भरून कोण देणार?

दुष्काळात पीक आले नाही, मुळे-धसकटे नाहीत, आवक नाही, तर उतरलेल्या साठ्याचा बोजा कोणावर?

या चारांची उत्तरे कागदावर मिळाली तर पुढचे बोला. शेणखत घालणे सोडू नका. मातीत कर्ब वाढला की पाणी धरले जाते, खत लागू पडते. तो नफा तुमच्या वावरात राहतो आणि त्याला कोणाची सही लागत नाही. मातीचा साठा भरणे हे आपल्या शेतीचे काम आहे, ते आपण करूच. कुलपातून निघणाऱ्या कोळसा-तेलाचा हिशेब मात्र ज्याने कुलूप उघडले त्याच्याच वहीत राहिला पाहिजे. आपल्या सातबाऱ्यावर तो चढवून घेऊ नका.